शाळेच्या पोस्टला मंजुरी कोणाची, आणि किती काळाची?

*मी फोंडा तालुक्यातील एका अनुदानित हायस्कुलात संगणक विषय शिकवते. शाळेचे फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते आणि पालकांचे व्हॉट्सॲप चॅनल माझ्याकडे सोपवलेले आहे. महिनाभराच्या पोस्ट आम्ही आधीच वेळ लावून ठेवतो आणि मुख्याध्यापिका महिन्याच्या आरंभी ती सगळी यादी एकदाच मंजूर करतात. जुलैत पावसामुळे शाळांना सुटी जाहीर झाली, आणि सुटीच्या सकाळी आमच्या पानावरून मुलांना वृक्षारोपणासाठी साडेआठला मैदानावर बोलावणारी पोस्ट गेली. काही मुले भिजत आलीसुद्धा. आता व्यवस्थापन समितीने मला धोरणाचा मसुदा मागितला आहे. विद्यार्थ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही आपोआप जाव्यात, अशी व्यवस्थापकांची इच्छा आहे. काय आपोआप जाऊ द्यावे आणि मंजुरी कोणी द्यावी?*
*— संगणक शिक्षिका, फोंडा तालुका*

सप्रेम नमस्कार.

त्या पोस्टला मंजुरी होती, हीच या प्रकरणातली ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. मुख्याध्यापिकांनी १ तारखेला यादी पाहिली तेव्हा वृक्षारोपणाच्या मजकुरात काहीच चुकीचे नव्हते. तो चुकीचा ठरला आदल्या संध्याकाळी सुटी जाहीर झाल्यावर, आणि त्या वेळी त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. म्हणून तुमच्या मसुद्यात मंजुरी देणाऱ्याच्या पदाबरोबर त्या मंजुरीची मुदतही लिहिलेली असली पाहिजे. मुदत संपली की पोस्ट आपोआप जाता कामा नये. तिला नव्याने संमती लागावी.

कोणता मजकूर आपोआप जाऊ द्यावा, हे ठरवताना फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप अशी माध्यमांनुसार विभागणी करू नका. प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न विचारा: मंजुरी दिल्यापासून तो प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात काय घडले तर हा मजकूर खोटा किंवा अपायकारक ठरेल? गोव्याचा ३० मेचा घटकराज्य दिन, १८ जूनचा क्रांतिदिन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन यांवरील मजकूर, ग्रंथालयाची माहिती, प्रवेश अर्जासोबत जोडायच्या कागदपत्रांची यादी, यांच्या बाबतीत सहसा काही घडत नाही. असा मजकूर वेळ लावून ठेवण्यास हरकत नाही. इतिहासाचा मजकूर इतिहासाच्या शिक्षकांनी आणि कागदपत्रांची यादी कार्यालयातील मुख्य लिपिकांनी वाचून सही केली, तर ती मंजुरी त्या शैक्षणिक वर्षापुरती चालावी. येथे मुख्याध्यापिकांची सही हवीच असा आग्रह मी धरणार नाही. मंजुरी देणारी व्यक्ती निवडताना तिचे पद किती मोठे आहे यापेक्षा चूक तिच्या नजरेला पडेल का, हे पाहावे. प्रवेशाच्या यादीत जातीच्या दाखल्याविषयीची ओळ जुनी राहिली असेल, तर ती लिपिकांना एका दृष्टिक्षेपात दिसेल. चाळीस पोस्टच्या यादीवर सह्या करणाऱ्या मुख्याध्यापिकांना ती दिसेलच असे नाही.

दुसऱ्या प्रकारात दिवसाशी बांधलेला मजकूर येतो: परीक्षेचे वेळापत्रक, पालकसभा, क्रीडादिन, सहल, चवथीची सुटी संपून शाळा उघडण्याची तारीख. याची तयारी आगाऊ करावी, वेळही ठरवून ठेवावी, परंतु आदल्या संध्याकाळी एका जबाबदार व्यक्तीने ‘जाऊ द्या’ असे लिहून कळवल्याशिवाय ती पोस्ट जाऊ नये. तिसऱ्या प्रकारात एखाद्या ओळखता येणाऱ्या मुलाविषयीचा मजकूर येतो, आणि तो कधीही आपोआप जाऊ नये. या दोन्ही प्रकारांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण धोरणे कागदावर चांगली असूनही येथेच फसतात.

आधी दिवसाशी बांधलेला मजकूर घेऊ. ‘आदल्या संध्याकाळची संमती’ हे तत्त्व म्हणून सोपे आहे. व्यवहारात मात्र मुख्याध्यापिका त्या संध्याकाळी लग्नसमारंभात असतात किंवा त्यांच्या गावात नेटवर्क नसते. तेव्हा संमती आली नाही, तर पोस्टचे काय करायचे हे धोरणात स्पष्ट असले पाहिजे. माझे मत असे की मौनाचा अर्थ नकार असा धरावा. यासाठी दिवसाशी बांधलेल्या पोस्ट मेटा बिझनेस सूटच्या प्लॅनरमध्ये वेळ लावून न ठेवता मसुदा म्हणून जतन कराव्यात आणि संमती मिळाल्यावरच त्यांना वेळ द्यावी. असे केले की विसर पडल्यास फार तर एक पोस्ट जायची राहील. तुमच्या सध्याच्या पद्धतीत विसर पडला की पोस्ट जाते, आणि मुले पावसात मैदानावर येतात.

आता तोच जुलैचा प्रसंग नव्या पद्धतीने मांडून पाहू. रविवारी संध्याकाळी सोमवारच्या सुटीचे परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरू लागते. पहिले काम ते खरे आहे का हे पाहण्याचे, कारण अशा दिवशी मागील वर्षीचे परिपत्रक किंवा नुसती अफवाही पुढे पाठवली जाते. मुख्याध्यापिकांनी परिपत्रकावरची तारीख, त्यात नमूद केलेल्या इयत्ता आणि पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडून ते निघाल्याची खूण पाहावी. शंका असल्यास भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. खात्री झाल्यावर आधी वेळ लावलेल्या पोस्टची रांग थांबवावी आणि मगच सुटीची पोस्ट टाकावी. हा क्रम उलटा झाला, तर सुटीची पोस्ट रात्री ९ वाजता आणि वृक्षारोपणाची पोस्ट सकाळी ७ वाजता अशी स्थिती होते, आणि नंतर आलेली सूचना खरी समजून पालक मुलांना रेनकोट घालून बाहेर काढतात.

रांग थांबवणे वाटते तितके सोपे नसते. तुम्ही वापरता त्या साधनात सगळी रांग एकदम थांबवण्याची सोय आहे का, हे आजच तपासा. मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावलेल्या पोस्ट एकेक उघडून मसुद्यात किंवा पुढच्या तारखेवर न्याव्या लागतात. महिनाभराच्या पोस्ट लावलेल्या असतील तर रात्री मोबाईलवर हे काम करताना एखादी हमखास सुटते. म्हणून रांग सात दिवसांपेक्षा लांब नसावी, असे कलम घाला. आठवड्याच्या पाच-सहा पोस्ट काही मिनिटांत तपासून होतात. मुक्तिदिनाचा मजकूर जूनमध्येच तयार आणि मंजूर असू द्या. रांगेत मात्र तो डिसेंबरच्या त्या आठवड्यातच यावा.

सुटीची पोस्ट कोणत्याही स्थितीत आपोआप जाऊ नये. ती मुख्याध्यापिकांच्या संमतीने हाताने टाकावी, आणि तिच्यात ‘उद्या’ हा शब्द नसावा. फेसबुकवर पोस्ट लागल्या क्रमाने दिसतीलच असे नाही. ‘उद्या शाळा बंद’ ही रविवारची पोस्ट एखाद्या पालकाला मंगळवारी सकाळी दिसते आणि मूल बुधवारीही घरी राहते. म्हणून वार, पूर्ण तारीख, इयत्ता आणि पोस्ट लिहिल्याची वेळ असे चारही तपशील द्यावेत. वेळ लावून ठेवलेल्या प्रत्येक पोस्टला हाच नियम लावा: ‘आज’, ‘उद्या’, ‘येत्या शनिवारी’ हे शब्द ज्या मजकुरात असतील तो परत पाठवावा. व्हॉट्सॲप चॅनल पालक तातडीच्या सूचनांसाठी पाहतात, म्हणून तेथे सर्वच मजकूर हाताने टाकावा असे मी सुचवेन. पोस्ट थोड्या असतील तर हे ओझे फारसे जाणवत नाही.

थांबवण्याच्या अधिकाराविषयी आणखी एक गोष्ट. मंजुरी देण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे असावा. थांबवण्याचा अधिकार मात्र अनेकांकडे असावा. मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक, मुख्य लिपिक आणि तुम्ही, यांपैकी कोणीही एकाने ‘थांबवा’ म्हटले की पोस्ट थांबावी, आणि कारण नंतर विचारले जावे. शाळेतील एखाद्या शिक्षकाचे पहाटे निधन झाले आणि आठ वाजता पानावर फुगडी स्पर्धेची हसरी छायाचित्रे झळकली, तर त्या कुटुंबाला काय वाटेल याचा विचार करा. बातमी ज्याला प्रथम कळते त्याच्या हाती ती पोस्ट थांबवण्याचा उपाय असला पाहिजे. पोस्ट पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र मूळ मंजुरी देणाऱ्याचीच संमती लागावी.

वेळेचीच एक तांत्रिक चूक येथे सांगून ठेवतो. वेळ लावण्याच्या काही साधनांत खात्याचा वेळविभाग अमेरिकेचा राहिलेला असतो. सकाळी ८ ला लावलेली पोस्ट पावसाळ्याच्या महिन्यांत रात्री साडेआठला गेली, म्हणजे बरोबर साडेबारा तासांचा फरक पडला, तर वेळविभाग कॅलिफोर्नियाचा आहे असे समजावे. तो `Asia/Kolkata` किंवा `GMT+5:30` असा करून एक निरुपद्रवी पोस्ट चाचणी म्हणून पाठवून पाहावी.

आता वाढदिवसाच्या शुभेच्छा. व्यवस्थापकांच्या मनात मुलांविषयी मायाच आहे, तरीही माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि ते समितीपुढे नीट मांडता यावे म्हणून कारणे देतो. अशा एका पोस्टमध्ये मुलाचे नाव, चेहरा, इयत्ता, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला आणि जन्मतारीख एकत्र येतात, आणि ती जगातल्या कोणाही माणसाला दिसते. अनोळखी व्यक्तीला शाळेच्या फाटकाबाहेर मुलाशी ओळख दाखवण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. त्या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील प्रमुख तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. शैक्षणिक संस्थांना नियमांत सवलत आहे हे खरे, पण ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या देखरेखीपुरती आहे. शाळेच्या पानावरील प्रसिद्धी तिच्या आधाराने करता येईल असे मला वाटत नाही.

प्रवेशाच्या वेळी घेतलेली सरसकट सही पुरेल, असे कोणी म्हणेल. पण कायद्याला अपेक्षित असलेली संमती विशिष्ट हेतूसाठी असते आणि ती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागते. खरी अडचण इथेच येते. समजा, सातवीतल्या एका मुलीच्या आईने ऑगस्टमध्ये वर्गशिक्षिकेला सांगितले की घरातला वाद कोर्टात आहे, मुलगी कोणत्या शाळेत शिकते हे बाहेर कळू देऊ नका. वर्गशिक्षिकेने ते मनावर घेतले, आपल्या वहीत नोंद केली. जन्मतारखांची तक्त्यातली यादी मात्र जूनमध्येच तयार होऊन साधनाला जोडलेली आहे. नोव्हेंबरमध्ये तिचा वाढदिवस येतो आणि पहाटे सहाला फोटो प्रसिद्ध होतो. यात कोणीही निष्काळजी वागलेले नाही. आईचे सांगणे तक्त्यापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती. म्हणून मुलाच्या नावाची किंवा चेहऱ्याची कोणतीही पोस्ट यादीवरून आपोआप जाऊ नये, मग ती वाढदिवसाची असो, गुणवंतांची असो की हजेरीची. वाढदिवसाचे कौतुक प्रार्थनेच्या वेळी करावे. ते मुलांना जवळचेही वाटते.

कार्यक्रमांची छायाचित्रे लावायची असतील, तर त्यांना दोन मंजुऱ्या असाव्यात आणि पहिली वर्गशिक्षिकेची असावी. कोणत्या मुलाच्या पालकांनी नकार दिला आहे आणि कोणते मूल अवघड परिस्थितीतून जात आहे, हे तिलाच ठाऊक असते. तिने छायाचित्र पाहून होकार दिल्यावर मुख्याध्यापिकांनी सही करावी, आणि ही मंजुरी ४८ तासांनी संपावी. नकार दिलेल्यांची नावे वर्गशिक्षिकेकडे आणि कार्यालयात, अशा दोनच ठिकाणी असावीत. पोस्ट करणाऱ्याने विचारावे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर घ्यावे, कारण नकारामागचे कारण त्याला कळण्याची गरज नाही. बालगृहातून येणारी, किंवा पोलिसांत वा न्यायालयात प्रकरण असलेली मुले वर्गात असू शकतात. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ आणि पोक्सो कायद्याचे कलम २३ अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करतात, आणि तेथे पालकांच्या नेहमीच्या सहीवर विसंबता येत नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण धोरणात असलीच पाहिजे अशी एक बाब म्हणजे आपोआप जाणारी उत्तरे. कार्यालयाची वेळ, प्रवेश अर्ज मिळण्याची जागा, दूरध्वनी क्रमांक एवढ्यापुरते उत्तर लावण्यास हरकत नाही. शुल्क, गुण, शिस्त, तक्रार, प्रकृती यांविषयी एक शब्दही आपोआप जाऊ नये. धोका असा की इन्स्टाग्रामवर रात्री अकराला एखादी विद्यार्थिनी लिहिते, ‘सर मला त्रास देतात, कोणाला सांगू?’ आणि तिला लगेच उत्तर मिळते, ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू.’ तिला वाटते शाळेला कळले. प्रत्यक्षात तो संदेश चार दिवस कोणी उघडलेला नसतो. पोक्सोच्या कलम १९ नुसार लैंगिक अपराधाची माहिती किंवा आशंका असणाऱ्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली अपराध आहे. म्हणून आपोआप उत्तराचे शब्द असे ठेवा:

‘हे उत्तर आपोआप गेले आहे, तुमचा संदेश अजून कोणी वाचलेला नाही. शाळेच्या दिवशी सकाळी ९ आणि दुपारी १ वाजता संदेश वाचले जातात. तातडीचे असल्यास कार्यालयात फोन करा. तुम्ही विद्यार्थी असाल आणि कोणी त्रास देत असेल, तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर केव्हाही फोन करता येतो.’

हे शब्द मुख्याध्यापिका आणि शाळेच्या समुपदेशकांनी मिळून मंजूर करावेत. दोन वेळा संदेश वाचणाऱ्याचे नाव धोरणाला जोडलेल्या कागदावर असावे, आणि ती व्यक्ती रजेवर असताना बदली कोण, हेही असावे. त्रासाचा संदेश दिसताच वाचणाऱ्याने स्वतः उत्तर-प्रत्युत्तर करत न बसता तो मुख्याध्यापिकांना त्याच तासात दाखवावा. तक्रार मुख्याध्यापिकांविषयीच असेल तर व्यवस्थापकांना. कोणत्याही स्थितीत तो संदेश पुसू नये, आणि कोणाला दाखवल्याने पोलिसांना कळवण्याचे आपले बंधन संपते, असेही समजू नये.

शिवीगाळ असलेल्या प्रतिक्रिया आपोआप लपवण्याची सोय वापरावी. त्यासाठी मंजुरी लागली तर फक्त शब्दांच्या यादीला लागेल. ती यादी करताना मराठी-कोंकणी शब्द देवनागरीत आणि रोमी लिपीत अशा दोन्ही प्रकारे घाला, कारण आपल्याकडे बहुतेक जण मोबाईलवर रोमीतच लिहितात. ‘तक्रार’, ‘शुल्क’, ‘शौचालय’ असे शब्द मात्र त्यात कोणी घालू लागले तर विरोध करा. पालकांची गाऱ्हाणी लपवणे हा त्या सोयीचा उपयोग नव्हे. लपलेल्या प्रतिक्रिया आठवड्यातून एकदा पर्यवेक्षकांनी वाचाव्यात.

खात्यांची मालकी हा विषय थोडक्यात सांगतो. पूर्ण अधिकार मुख्याध्यापिका आणि तुम्ही अशा दोघींकडे असावेत, बाकीच्यांना मजकूर तयार करण्यापुरता प्रवेश द्यावा, आणि एकच पासवर्ड सर्वांना सांगू नये. पूर्वी एखाद्या माजी विद्यार्थ्याने किंवा बाहेरच्या माणसाने साधने जोडून दिली असतील, तर फेसबुकच्या सेटिंगमध्ये `Business Integrations` उघडा. त्याने जोडलेले साधन तेथे दिसले तर काढून टाका. पासवर्ड बदलल्याने असे जोडलेले साधन तुटतेच असे नाही, आणि ‘कोणी लावलेली नसताना’ एखादी पोस्ट जाते तेव्हा कारण बहुधा तेथेच सापडते.

मसुद्याच्या मुख्य कलमासाठी हे शब्द वापरता येतील: ‘ज्या मजकुरात विद्यार्थ्याची ओळख पटते तो मजकूर आपोआप प्रसिद्ध होणार नाही. दिवसाशी निगडित मजकूर आदल्या दिवशी सायंकाळी ६ नंतर मिळालेल्या लेखी संमतीनेच वेळ लावून प्रसिद्ध होईल. संमती न मिळाल्यास तो प्रसिद्ध होणार नाही. अन्य मजकुराची मंजुरी शैक्षणिक वर्षाअखेर संपेल. नमूद केलेल्या चौघांपैकी कोणीही कोणतीही पोस्ट थांबवू शकेल.’ लेखी संमती म्हणजे सही-शिक्क्याचा कागद नव्हे. ठरलेल्या गटावर पोस्टचा क्रमांक आणि ‘जाऊ द्या’ एवढे पुरेल, परंतु नुसता अंगठ्याचा इमोजी संमती धरू नका, कारण तो कोणत्या पोस्टला होता हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

समितीची सभा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या शनिवारी प्लॅनर उघडून पुढील सात दिवसांपलीकडच्या सर्व पोस्ट मसुद्यात न्या, आणि वाढदिवसाच्या यादीसाठी कोणी तक्ता तयार केलेला असेल, तर तो साधनापासून तोडून मुख्याध्यापिकांच्या ताब्यात द्या.